आधी सात दिवसांची वही

«ताई, नोकरी अन् घर सांभाळून रोज किती तास अभ्यास करायचा? तुमचं टाइमटेबल पाठवा ना.»

पाठवलं असतं, पण ते तुमच्या काही कामाचं नाही. पहिल्यांदा केलं तेव्हा माझ्याही कामाचं नव्हतं. एमपीएससीची तयारी सुरू करताना मी रोज चार तास धरले होते, म्हणजे आठवड्याला २८. आठव्या दिवशी तो कागद कपाटाच्या दारावरून काढला. मग एप्रिलमधला एक साधा आठवडा निवडला. त्यात लग्न नव्हतं, पाहुणे नव्हते, ऑफिसात महिनाअखेरही नव्हती. त्या सात दिवसांत अभ्यासाचं काहीच ठरवलं नाही, फक्त तास लिहिले.

खिशात मावेल एवढी वही घेतली. दर तास संपला की एक ओळ. रात्री बसून दिवसभराचं लिहायचं नाही, कारण रात्री आपण झालेलं लिहीत नाही, व्हायला हवं होतं ते लिहितो. असं लिहिलेलं पान लगेच ओळखू येतं. त्यात सगळं ६ ते ७, ७ ते ८ असं काटेकोर असतं आणि फोन कुठेच नसतो. माझे पहिले दोन दिवस तसेच गेले. वही बघतेय म्हणून मी शहाण्यासारखी वागत होते. बुधवारपासून खरं उतरायला लागलं. बुधवारी संध्याकाळच्या ओळीत आधी नुसतं «स्वयंपाक» लिहिलं होतं, मग खोडून मिनिटं टाकली: भाजी-पोळ्या ३०, नणंदेचा फोन २०, मोबाईल १०. सासूबाई म्हणाल्या, «काय लिहून राहिली सारखी? किराण्याचा हिशोब आहे का?» तसाच होता म्हणा.

ओळीच्या शेवटी एक अक्षर टाकायचे: ताजी असेन तर «ता», थकलेली असेन तर «थ». पुढे या अक्षरानेच सगळं ठरवलं. कामांचे गट मात्र आधी पाडले नाहीत, नाहीतर प्रत्येक तास ओढूनताणून त्यात बसवला जातो.

रविवारी रात्री बेरीज केली. आठवड्याचे तास १६८. झोप ४९. ऑफिस सहा दिवस, रोज नऊ, म्हणजे ५४. मी प्रजापती नगरहून मेट्रोने लोकमान्य नगरला उतरते आणि पुढे एमआयडीसीपर्यंत ऑटो. जाऊन-येऊन अडीच तास, आठवड्याचे १५. घरकाम, मुलगा, पाणी भरणं, कूलरमध्ये पाणी टाकणं मिळून २१. आंघोळ-जेवण वगैरे १४. झाले १५३. उरले १५. मी २८ धरून बसले होते!

हे १५ही सगळे अभ्यासाचे नव्हते. पाच तास तर दहा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत विखुरलेले होते; कुकरची शिट्टी होईपर्यंत पुस्तक उघडलं तर वाचलेलं पान पुन्हा वाचावं लागतं. चार तास रात्री दहानंतरचे, रोज ४० मिनिटं, आणि सहाही रात्री पुढे «थ». खरे हाती आले सहा: कामाच्या दिवशी पहाटेची ३५ मिनिटं, म्हणजे साडेतीन तास, आणि रविवार सकाळचे अडीच.

मग वही उलटी वाचली, म्हणजे मोकळं कुठे आहे ते न बघता «ता» कुठे आहे ते बघितलं. सकाळच्या मेट्रोत ते रोज होतं. प्रजापती नगर पहिलंच स्टेशन, त्यामुळे बसायला मिळतं, आणि शेवटपर्यंत चाळीसेक मिनिटं कुणी हाक मारत नाही. आठवड्याचे ते चार तास मी प्रवासात मोजून टाकले होते. तिथे नवीन धडा होत नाही, डुलक्या येतात. प्रश्नसंच मात्र छान सुटतात. परतीला उभं राहावं लागतं, तो वेळ धरला नाही.

सहा आणि चार, दहा झाले. टाइमटेबलमध्ये मी सातच लिहिले. मुलाला ताप येतो, ऑफिसात उशीर होतो. तीन तास त्यासाठी मोकळे ठेवले. पहाटे नवीन वाचन, मेट्रोत प्रश्न, रविवारी राहिलेलं. रात्रीची ४० मिनिटं मी झोपेला देऊन टाकली, त्यामुळे पहाटेचा गजर बंद करायचा हात थांबला.

तुम्ही शिफ्टमध्ये असाल तर एका आठवड्याने भागणार नाही, प्रत्येक शिफ्टचा वेगळा लिहा. ऋतूही बघा. जुलैत मी पुन्हा तीन दिवस वही काढली. कूलर बंद झाला म्हणून रोजची २० मिनिटं सुटली होती, आणि मुलाची शाळा सुरू झाल्यामुळे डब्याची ४० वाढली होती.