यादीतला पहिला नंबर आणि आमचे 300 मेसेज

आमची कंपनी लिफ्ट मेंटेनन्सची. दादरपासून मुलुंडपर्यंत सोसायट्यांचे एएमसी म्हणजे वर्षाच्या देखभालीचे करार आहेत, काही नवे टॉवर, काही एसआरएच्या इमारती, काही जुन्या जाळीच्या दरवाज्याच्या लिफ्टा. तक्रारी आता फोनवर कमी आणि व्हॉट्सॅपवर जास्त येतात. डेस्कवर ज्या ताई बसतात त्या वाचतात आणि जवळचा टेक्निशियन पाठवतात. एरवी हे नीट चालतं, पण मोठा पाऊस झाला, लिफ्टखालच्या पिटमध्ये पाणी शिरलं, लाईट गेली, की सगळीकडून एकदम मेसेज येतात आणि त्यात लिफ्टमध्ये माणूस अडकल्याचा मेसेज बिलाच्या चौकशीखाली दबून राहतो. म्हणून ठरलं की एआय मॉडेलने प्रत्येक मेसेज वाचून पाचपैकी एका खान्यात टाकायचा: माणूस अडकलाय, लिफ्ट पूर्ण बंद, चालू आहे पण त्रास देते, बिल-एएमसी, आणि बाकीचं. पहिल्या खान्यातला मेसेज लाल होऊन ताईंच्या स्क्रीनवर सगळ्यात वर येणार.

कुठलं मॉडेल घ्यायचं हे साहेबांच्या मते ठरलेलंच होतं. एका व्हेंडरने येऊन स्लाईड दाखवली होती, रँकिंगमध्ये हे एक नंबर, मग दुसरं कशाला बघायचं. मला त्या रँकिंगबद्दल काही वाईट बोलायचं नाहीये, पण ते काय मोजतं हे त्या स्लाईडवर कुठेच नव्हतं आणि विकायला येणारी माणसं हे सांगत नाहीत याची मला खरंच चीड येते. अशा रँकिंगपैकी चॅटबॉट अरेना 2023 मध्ये सुरू झालं, त्यात लोक स्वतःचा प्रश्न विचारतात, नावं झाकलेली दोन उत्तरं शेजारी-शेजारी दिसतात आणि जे आवडेल त्याला मत देतात, त्या मतांवरून क्रम लागतो. एमएमएलयू ही मॉडेलसाठीची 2020 ची परीक्षा, 57 विषय आणि चार पर्यायांचे प्रश्न. दोन्ही आपापल्या जागी ठीक आहेत. पण विक्रोळीतली एखादी बाई अंधारात एका हाताने टाईप करून काय पाठवते आणि ते मॉडेलला कळतं का, हे त्यातलं कोणीच तपासलेलं नाही.

म्हणून मी साहेबांना म्हटलं की आपले मेसेज आपल्याकडे आहेत, चार मॉडेल घेऊ आणि आपल्याच मेसेजवर चालवू.

पहिली अडचण मेसेज निवडण्यातच आली. नुसते कुठलेही मेसेज उचलले तर त्यात अडकल्याचे इतके थोडे निघतात की त्यावरून कोणाबद्दलच काही बोलता येत नाही. म्हणून दोन ढीग केले. 240 मेसेज वर्षभरातून चिठ्ठ्या टाकल्यासारखे, न बघता उचललेले, त्यातून अडकल्याचे निघाले ते बाजूला काढून तेवढे दुसरे घेतले. आणि 60 मेसेज असे, जिथे जॉब कार्डावर टेक्निशियनने माणूस बाहेर काढल्याची नोंद केली होती. यातले 60 मुद्दाम वाढवलेले आहेत, त्यामुळे एकूण बरोबर किती या आकड्याला रोजच्या कामात फारसा अर्थ नाही, दोन्ही ढिगांचे आकडे वेगळेच बघायचे.

आता बरोबर उत्तर कोणतं हे ठरवायचं तर जॉब कार्ड पुरत नाही. टेक्निशियन पोचल्यावर त्याला जे दिसतं ते मेसेजमध्ये असतंच असं नाही. समजा मेसेज नुसता 'लिफ्ट बंद आहे' एवढाच आणि आत माणूस सापडला, तर तिथे मॉडेलला नापास करणं अन्याय आहे, ते कोणालाच कळलं नसतं. म्हणून ताई आणि आमचे सर्वात जुने टेक्निशियन काका, दोघांनी एकमेकांचं न बघता प्रत्येक मेसेजवर खूण केली की हा वाचून डेस्कने काय समजायला हवं. ज्यातून काहीच कळत नव्हतं ते काढून टाकले आणि त्या जागी दुसरे घेतले. सगळ्यात जास्त वाद 'सातव्यावर दरवाजा उघडत नाही' या तऱ्हेच्या मेसेजवर झाला. काका म्हणाले हा बाहेर उभा असलेला माणूस आहे, गेट लॉकचा प्रॉब्लेम. ताई म्हणाल्या, "बाहेरचा माणूस जिन्याने निघून जातो हो, तो मेसेज टाकत बसत नाही." शेवटी नियम लिहिला की आत कोणी आहे का याची शंका असेल तर तो पहिल्या खान्यात. हा नियम मग जसाच्या तसा मॉडेलला द्यायच्या सूचनेत गेला. तो वाद झाला नसता तर आम्ही चारही मॉडेलना अर्धवट सूचना देऊन नंतर त्यांनाच दोष दिला असता.

300 पैकी 100 मेसेज सूचना सुधारायला वापरले, 200 शेवटच्या परीक्षेसाठी बंद ठेवले. त्या 200 मध्ये अडकल्याचे 40, बाकीचे 160. चौघांना एकच सूचना, एकच पाच खाने, आणि निकाल साहेबांसमोर ठेवताना नावं काढून अ, ब, क, ड. अ म्हणजे स्लाईडवरचा एक नंबर, हे फक्त मला माहीत होतं.

निकालाच्या दिवशी पहिल्यांदा दिसले ते एकूण आकडे. अ चे 200 पैकी 181 बरोबर, क चे 179. साहेब लगेच म्हणाले, बघ, अ पुढे आहे. पण 200 मेसेजवर दोनचा फरक म्हणजे काहीच नाही, वेगळे 200 उचलले असते तर उलटं झालं असतं. मग मी चुका फोडून दाखवल्या. अ च्या 19 चुकांपैकी 7 अडकलेल्या माणसांच्या होत्या, म्हणजे 40 पैकी 7 लोक आत आणि स्क्रीनवर मेसेज काळाच. उगाच लाल केलेले फक्त 2. क ने अडकल्याचा 1 सोडला, पण 160 साध्या मेसेजमधले 14 उगाच लाल केले, त्यात पेमेंट अडकलंय, पार्ट अडकलाय असले बरेच. बाकी चुका दोघांच्या किरकोळ होत्या. ब आणि ड मधे कुठेतरी, त्यांच्यावर फार वेळ घालवला नाही.

इथे एक गोष्ट फार उपयोगी पडते. दोन मॉडेलची तुलना करताना ज्या मेसेजवर दोघांचं उत्तर सारखं आहे ते सोडून द्यायचे आणि जिथे एक बरोबर आणि दुसरं चूक तेवढेच मोजायचे. अडकल्याच्या 40 मध्ये असे 6 निघाले, आणि सहाही ठिकाणी क बरोबर होतं. दोघं सारखेच चांगले असते तर 6-0 होणं म्हणजे नाणं सहा वेळा उडवून सगळे कौल एकाच बाजूचे पडणं, ते 32 मध्ये एकदा होतं. अशक्य नाही, पण 181 विरुद्ध 179 पेक्षा हे कितीतरी वजनदार आहे.

अ ने सोडलेले मेसेज मग एकेक करून वाचले. दोन इथे देते:

```
light geli lift madhe ahe 2 ani 3 chya madhe
aai ani bal aat ahet fan pan band zala
```

पहिला अ ने 'लिफ्ट पूर्ण बंद'मध्ये टाकला, दुसरा 'चालू आहे पण त्रास देते'मध्ये, पंख्याची तक्रार म्हणून. पहिल्यात 'मी' लिहिलेलंच नाही, आपण बोलतानाही लिहितानाही गाळतो, आणि अ ला तिथे माणूस दिसलाच नाही, त्याला लाईट आणि पंखा दिसला. म्हटलं बघूया लिपीचा घोटाळा आहे का. ते सातही मेसेज शब्द न बदलता देवनागरीत टाईप केले आणि परत दिले, तर 5 बरोबर आले. म्हणजे अ ला मराठी येत होतं, इंग्रजी अक्षरांत घाईघाईने लिहिलेलं मराठी येत नव्हतं. साहेबांनी विचारलं मग आधी देवनागरीत बदलून घ्यायचं का. ते करून बघितलं, पण बदलणारं सॉफ्टवेअरच दुसऱ्या मेसेजमधल्या बाळाचं बल करत होतं, अशाने एक चूक काढून दुसरी आत घेतो. लोक जसं लिहितात तसंच ज्याला कळतं तेच घ्यायचं हे माझं मत होतं आणि आहे.

राहिला प्रश्न त्या 14 उगाच लाल झालेल्यांचा. साहेबांना ते खटकत होतं, साध्या अकरा-बारा मेसेजमागे एक खोटी घंटा. ताईंनीच उत्तर दिलं. "साहेब, खोटा लाल मेसेज मी वाचते आणि खाली ढकलते, झालं. पण जो लाल झालाच नाही तो मला कोण दाखवणार?" ताईंना मीटिंगला बोलवायचं की नाही यावर आमच्या ऑफिसात आधी चर्चा झाली होती, हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण त्या खोलीत हे काम कळणाऱ्या त्या एकट्याच होत्या. क घ्यायचं ठरलं. नंतर नावं उघडली तेव्हा क त्या व्हेंडरच्या यादीत बरंच खाली निघालं. साहेब थोडा वेळ स्क्रीनकडे बघत बसले आणि मग म्हणाले ठीक आहे.

पण क ने जो एक सोडला, तो मला अजून सोडत नाहीये.

```
lift 3-4 madhe ubhi ahe. baba ajun var nahi ale
```

हा अ ने सोडला, ब, क, ड ने पण सोडला. सगळ्यांनी 'लिफ्ट पूर्ण बंद'. ताईंनी आणि काकांनी मात्र क्षणभर न थांबता अडकल्याची खूण केली होती, बाबा खाली गेलेत, परत यायला निघालेत, लिफ्ट मधेच उभी आहे, मग ते कुठे असणार. मी क ला हाच मेसेज, रँडमपणा शून्यावर ठेवून, पुन्हा पुन्हा दिला तर कधी कधी बरोबरही आला. शून्यावर ठेवलं तरी या मॉडेलचं उत्तर दरवेळी तेच येईल याची खात्री नसते, त्यामुळे अशा काठावरच्या मेसेजवर एकदा चालवून पास-नापास ठरवण्यात अर्थ नाही हे त्यातून कळलं.

साहेब म्हणाले, हा मेसेजच उदाहरण म्हणून सूचनेत टाक, प्रॉब्लेम मिटला. टाकला, टाकायलाच हवा होता, त्या बाबांसारखे अजून येणारच. पण त्यानंतर त्या 200 मेसेजवर क चा जो आकडा येईल तो मी कोणाला दाखवणार नाही असं स्पष्ट सांगितलं, कारण परीक्षेतला प्रश्न आम्हीच आधी सांगितलेला आहे. साहेबांना हे पटलं नाही असं वाटलं, वर त्यांना सुधारलेला आकडा रिपोर्टमध्ये हवा होता, तो मी दिला नाही. आता ताई रोज संध्याकाळी दिवसभरातले काळे मेसेज चाळतात आणि ज्यात अडकलेला माणूस मॉडेलच्या नजरेतून सुटला असं वाटतं ते वेगळ्या शीटमध्ये टाकतात. पुढचं मॉडेल बदलायची वेळ आली की बंद ठेवायचे मेसेज त्या शीटमधून आणि नव्या जॉब कार्डांमधून निघतील, जुन्या 200 मधून नाही.