पहिल्या सत्राचा नर्सिंग फाउंडेशन आणि श्वसनाचा रकाना

आमच्या महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये पहिल्या सत्राची लॉगबुके तपासत बसले असताना एका पानावर माझी नजर थांबली. कोल्हापुरातल्याच एका रुग्णालयातल्या पोस्टिंगमध्ये विद्यार्थिनीने बारा रुग्णांचे तापमान, नाडी आणि श्वसन नोंदवले होते. श्वसनाच्या रकान्यात 20, 20, 24, 16, 20 अशा ओळीने नोंदी होत्या आणि बाराही आकडे चारने भाग जाणारे होते. माणूस मिनिटभरात 17 वेळाही श्वास घेतो आणि 19 वेळाही, परंतु पंधरा सेकंद मोजून चारने गुणले तर विषम आकडा कधीच येत नाही. पुढची चार-पाच लॉगबुके उघडली, तेव्हा त्यांतही हेच दिसले. याच मुलींनी लेखी परीक्षेत ‘श्वसन पूर्ण एक मिनिट मोजावे’ हे अचूक लिहिले होते आणि त्यांना गुणही मीच दिले होते.

पुढच्या तुकडीसाठी नर्सिंग फाउंडेशन या विषयाची आखणी नव्याने करण्याचे काम प्राचार्या मॅडमनी माझ्याकडे आणि दोन सहकारी शिक्षिकांकडे सोपवले. घटक काय असावेत, हे ठरवण्याची मुभा आम्हाला नव्हती आणि त्याची गरजही नव्हती. भारतीय परिचर्या परिषदेच्या सुधारित अभ्यासक्रमात पहिल्या सत्राच्या ‘नर्सिंग फाउंडेशन 1’साठी थिअरीचे 120 तास, स्किल लॅबचे 80 तास आणि क्लिनिकलचे 160 तास नेमून दिलेले आहेत. पदवीधर परिचारिकेच्या दहा मुख्य क्षमताही त्यात दिल्या आहेत: रुग्णकेंद्रित सेवा, व्यावसायिकता, सांघिक कार्य, संवाद, सुरक्षितता वगैरे. आमच्या हातात होते ते एवढेच, की या तासांमधून नेमके काय जमले पाहिजे हे शब्दांत मांडणे, ते कोणत्या क्रमाने शिकवायचे हे ठरवणे आणि ते जमले की नाही हे कसे ओळखायचे याची व्यवस्था करणे.

पहिल्या बैठकीत आम्ही एक मोठा तक्ता केला. डावीकडे अध्ययन निष्पत्ती, म्हणजे विद्यार्थिनीला काय जमले पाहिजे ते, वर दहा क्षमता आणि जिथे संबंध असेल तिथे खूण. दोन तासांत तक्ता खुणांनी भरून गेला. हात धुणे ही एकच निष्पत्ती आम्ही आठ क्षमतांशी जोडली होती, कारण ओढूनताणून कशाचाही कशाशी संबंध लावता येतो. असा तक्ता तपासणी समितीपुढे ठेवायला शोभून दिसतो, परंतु शिकवणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नसतो. दुसऱ्या बैठकीत माझ्या सहकारी शिक्षिकेने एक नियम सुचवला: ज्या क्षमतेत विद्यार्थिनी नापास होऊ शकेल अशी एखादी तरी कसोटी त्या निष्पत्तीसाठी आपल्याकडे आहे, तिथेच खूण करायची. या नियमाने निम्म्याहून अधिक खुणा खोडल्या गेल्या. नेतृत्व आणि गुणवत्ता सुधारणा हे दोन रकाने जवळजवळ रिकामे राहिले. प्राचार्या मॅडमनी त्याबद्दल विचारले, तेव्हा आम्ही सांगितले की पहिल्या चार महिन्यांत जी मुलगी अजून रुग्णाला हात लावायला कचरते, तिच्याकडून आम्ही नेतृत्वाची परीक्षा घेणार नाही आणि घेतली असे दाखवणारही नाही. त्यांनी ते मान्य केले.

खरी अडचण सुरक्षिततेच्या रकान्याने दाखवून दिली. तापमान, नाडी, श्वसन आणि रक्तदाब या व्हायटल साइन्सच्या घटकासमोर तिथे आम्ही सुरुवातीला निर्धास्तपणे खूण केली होती. नियम लावल्यावर असे लक्षात आले की विद्यार्थिनी असुरक्षित पद्धतीने श्वसन मोजते की नाही हे पकडणारी एकही कसोटी आमच्याकडे नव्हती. जुनी निष्पत्ती होती, ‘विद्यार्थिनीस व्हायटल साइन्सचे ज्ञान असेल.’ ज्ञान असल्याचे त्या मुलींनी पेपरात सिद्धच केले होते. आम्ही ती बदलून ‘श्वसनाचा दर अचूक मोजेल’ अशी केली, पण ‘अचूक’ हे कोणी आणि कशाशी ताडून ठरवायचे, हा प्रश्न उरलाच. तीन-चार वेळा खोडून शेवटी पुढील वाक्यावर आम्ही स्थिरावलो: ‘विश्रांत अवस्थेतील प्रौढ रुग्णाचे श्वसन, आपण ते मोजत आहोत हे त्याच्या लक्षात येऊ न देता, पूर्ण 60 सेकंद मोजेल, तिचा आकडा त्याच वेळी मोजणाऱ्या शिक्षिकेच्या आकड्यापासून दोनहून अधिक दूर नसेल.’ त्याला जोडून दुसरी निष्पत्ती वेगळी लिहिली: ‘आकडा 12 ते 20 या मर्यादेबाहेर आल्यास पुन्हा मोजेल, ड्युटीवरील सिस्टरना वेळेसह कळवेल आणि चार्टवर नोंदवेल.’ पहिलीची खूण सुरक्षिततेखाली आणि दुसरीची संवादाखाली पडली. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात असत्या तर मोजणी चांगली पण कळवणे शून्य अशा मुलीला काय द्यायचे, याचा घोळ झाला असता.

एवढ्या बारकाव्याची गरज काय, असे आमच्यातल्याच एकीने विचारले, म्हणून आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. रुग्णाचा खरा दर मिनिटाला 22 असेल तर पंधरा सेकंदांत साडेपाच श्वास होतात. मोजणारीला पाच किंवा सहा दिसणार, म्हणजे चार्टवर 20 किंवा 24 पडणार. 20 लिहिले तर रुग्ण ठीक आहे, 24 लिहिले तर सिस्टरना हाक मारायला हवी; रुग्ण मात्र तोच आहे. एक श्वास चुकला की चाराचा फरक पडतो. नाडीच्या मोजणीतही गुणाकाराने चूक वाढतेच, पण तिथे आकडा मोठा असल्याने ती एवढी भोवत नाही.

यानंतर चेकलिस्ट पाहिली, तर तिथेही तेच. चौदा पायऱ्या, प्रत्येकीला एक गुण. रुग्णाला नमस्कार करणे, स्वतःची ओळख देणे, पडदा ओढणे, हात धुणे, साहित्य आवरणे हे सारे नीट करून, प्रत्यक्ष मोजणी आणि नोंद दोन्ही चुकवूनही विद्यार्थिनी चौदापैकी बारा गुण मिळवू शकत होती. आम्ही गुणांची बेरीज तशीच ठेवली, परंतु दोन पायऱ्यांपुढे तारा काढला: पूर्ण मिनिट मोजणे आणि दोनच्या आत आकडा येणे. तारांकित पायरी चुकली तर बाकी गुण कितीही असोत, प्रात्यक्षिक परीक्षेतले ते स्टेशन पुन्हा द्यायचे.

ऑस्कीमध्ये, म्हणजे एकेका स्टेशनवर एकेक कौशल्य तपासणाऱ्या त्या प्रात्यक्षिक परीक्षेत, हे स्टेशन लावताना एक फजिती झाली, तीही सांगते. रुग्ण म्हणून आम्ही तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीला झोपवले आणि मोबाईलवरच्या मेट्रोनोमच्या ठोक्यावर मिनिटाला 28 श्वास घ्यायला सांगितले. सहावी विद्यार्थिनी आत आली तेव्हा ती मुलगी उठून बसली आणि म्हणाली, ‘मॅडम, बोटांना मुंग्या यायला लागल्यात, चक्कर येतेय.’ सतत जलद श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होऊन असे होते, हे आम्हा तिघी शिक्षिकांपैकी कोणाच्याही वेळेत ध्यानात आले नाही, याची आजही लाज वाटते. त्यानंतर आम्ही छातीच्या हालचालींचे तीन छोटे व्हिडिओ तयार केले: 14, 22 आणि 28 दराचे. जलद श्वासाचे चित्रण एकेका मिनिटापुरतेच केले आणि प्रत्येक व्हिडिओ आम्ही तिघींनी स्वतंत्रपणे मोजून आकडा पक्का केला. व्हिडिओची मर्यादा उघड आहे: त्यात रुग्णाला न कळू देता मोजण्याची परीक्षा होत नाही. ती वॉर्डातच घ्यावी लागते.

आणि वॉर्डाकडे वळलो तेव्हा क्रमाचा दोष लक्षात आला. आमच्या जुन्या वेळापत्रकात क्लिनिकल तिसऱ्या आठवड्यात सुरू होत असे आणि व्हायटल साइन्सची लॅब सहाव्या आठवड्यात येत असे. म्हणजे मधले तीन आठवडे मुली मोजणी शिकत होत्या त्या वॉर्डातल्या घाईगर्दीत, जिथे तीसेक रुग्णांचा टीपीआर, म्हणजे तापमान, नाडी आणि श्वसन, सकाळच्या राउंडच्या आत उरकायचा असतो. पंधरा सेकंदांची सवय तिथलीच. नंतर लॅबमध्ये आम्ही मिनिटभराची पद्धत शिकवली ती त्यांना परीक्षेपुरती पद्धत वाटली, यात त्यांचा दोष नव्हता.

आम्ही वीस आठवड्यांची मांडणी बदलली. पहिले चार आठवडे क्लिनिकल नाही. त्या काळात स्किल लॅब आठवड्याला आठ तास, म्हणजे 80 पैकी 32 तास आधीच. त्यांत मुख्यतः हातांची स्वच्छता आणि व्हायटल साइन्स. उरलेल्या सोळा आठवड्यांत लॅब आठवड्याला तीन तास आणि क्लिनिकल दहा तास, म्हणजे 160 भरले. वॉर्डात जाण्याआधी रिटर्न डेमो, म्हणजे शिकलेले कौशल्य शिक्षिकेसमोर करून दाखवणे, पास होणे सक्तीचे केले. तिथे माणसांचा हिशेब आडवा आला. साठ विद्यार्थिनी आणि प्रत्येकीला वीस मिनिटे धरली तर वीस तास होतात. शिक्षिका तिघीच मिळणार असल्याने प्रत्येकीच्या वाट्याला जवळपास पावणेसात तास येत होते, शिवाय नापास झालेल्यांची फेरी वेगळी. म्हणून चारही व्हायटल साइन्सचा समोरासमोर डेमो घेण्याचा हट्ट आम्ही सोडला. श्वसन आणि रक्तदाब समोर बसून पाहायचे, तापमान आणि नाडी मुलींनी जोडीने एकमेकींची चेकलिस्टवर तपासायची, असे ठरले. ही तडजोड आहे. नाडीतल्या काही चुका त्यामुळे निसटतात.

नव्या मांडणीची पहिली वॉर्ड परीक्षा मी शिरोळकडच्या एका वयस्कर रुग्णाजवळ घेतली. विद्यार्थिनीने शिकवल्याप्रमाणे नाडी मोजून झाल्यावर मनगट सोडले नाही. हात तसाच धरून ती घड्याळाकडे आणि त्यांच्या पोटावरच्या चादरीकडे पाहत राहिली. आजोबांनी थोडा वेळ तिच्याकडे बघून विचारले, ‘काय बघालीस गं एवढं?’ ती गोंधळली, आणि बोलण्यामुळे श्वासाची लय बदलली म्हणून तिने मोजणी पहिल्यापासून सुरू केली. हे पाऊल आमच्या चौदा पायऱ्यांत नव्हते. मी त्याच संध्याकाळी ते पंधरावे म्हणून लिहिले. तिचा आकडा 23 आला, माझा 22. तिने पुन्हा मोजले, 22 आले, आणि ती सिस्टरांकडे गेली.

सत्राच्या शेवटी लॉगबुके पुन्हा तपासली तेव्हा श्वसनाच्या रकान्यात 17, 19, 21 दिसू लागले होते. सगळ्यांच्या नाही, आठ-दहा जणींच्या पानांवर अजूनही 20, 20, 24 आहेत. त्यांना बोलावून त्यांच्यासोबत त्याच वॉर्डात उभे राहून मोजणे, एवढाच उपाय सध्या आहे. एकीने मात्र वेगळाच पेच आणला. तिच्या लॉगबुकात सकाळी साडेसहाला 25 होते आणि रुग्णालयाच्या चार्टवर त्याच रुग्णाच्या नावापुढे त्याच वेळी 20. तिने विचारले, ‘मॅडम, मी सांगितलं होतं, पण सिस्टर म्हणाल्या राहू दे, रोज वीसच लिहितो. मग माझं चुकलं का?’ तिचे चुकले नव्हते, आणि दुसरी निष्पत्ती लिहिताना ऐकणारी बाजू आम्ही गृहीतच धरली होती. येत्या सत्रात चौथ्या आठवड्याच्या अखेरीस, मुली वॉर्डात जाण्याआधी, वॉर्ड इन्चार्ज सिस्टरांसोबत अर्ध्या तासाची बैठक वेळापत्रकात घातली आहे आणि मुली काय कळवणार आहेत त्याचा एक पानी कागद मराठीत तयार केला आहे.