कँटीनचं बजेट: ताटं कमी, हिशोब उलटा

आमच्या शाळेच्या ऑफिसमध्ये मी अकाउंट्स बघते, आणि कँटीन शाळाच चालवते त्यामुळे त्याचाही हिशोब माझ्याच गळ्यात. ऑगस्टचं बजेट साधं होतं, रोज ४०० ताटं गुणिले २५ दिवस म्हणजे १०,००० ताटं, एका ताटाचे ३४ रुपये, सगळा खर्च जाऊन १६,८५० उरायला हवे होते. प्रत्यक्षात गेली ८,००० ताटं. श्रावणातले सोमवार म्हणजे अर्धी शाळा, मधे पावसाच्या सुट्ट्या, आणि २५ दिवस धरताना कॅलेंडर कुणी उघडलंच नव्हतं (कुणी म्हणजे मीच).

मीटिंगमध्ये एक ट्रस्टी काका कागद बघून खूश झाले, म्हणाले किराणा-भाजीला २,१०,००० धरले होते, झाले १,८०,०००, म्हणजे महाराजांनी ३० हजार वाचवले की! आणि खाली शेवटच्या ओळीत तोटा १९,८००. वाचवले तर तोटा कसा, यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही.

घरी येऊन डोकं शांत झाल्यावर कळलं की आपण १०,००० ताटांचं बजेट ८,००० ताटांच्या खर्चाशेजारी ठेवतोय, ही तुलनाच चुकीची आहे. मग तेच बजेट ८,००० वर परत मांडलं. त्यासाठी एकेक खर्च घेऊन विचारायचं, ताट कमी झालं तर हा कमी होतो का? किराणा-भाजी होते, ताटामागे २१ रुपये. चार जणांचे पगार ८०,००० आणि लाईट-पाणी-साबण १२,००० होत नाहीत. (रोजची ताटं ४०० च्या वर गेली की एक हेल्पर जास्त लागतो, तो खर्च एकदम उडी मारून वाढतो, पण या महिन्यात तो प्रश्नच आला नाही.)

गॅसनेच अडवलं, कारण तो अर्धा असा अर्धा तसा. मागचे महिने काढले, सगळ्यात जास्त ताटांच्या महिन्यात १०,४०० ताटांना १२ सिलेंडर, सगळ्यात कमीच्या महिन्यात ५,६०० ना ९. म्हणजे ४,८०० ताटांच्या फरकाला ३ सिलेंडर, एका सिलेंडरमध्ये १,६०० ताटं. मग १०,४०० ला ताटांपोटी साडेसहा, आणि उरलेले साडेपाच ताटं कितीही असोत लागणारच, सकाळचा चहा, भांड्यांचं गरम पाणी वगैरे. शीटमध्ये B1 ला ताटं टाकली की सिलेंडर असे येतात:

```
=5.5+B1/1600
```

दोनच महिन्यांवरून काढलेलं गणित आहे, त्यातला एखादा महिना गॅदरिंगचा निघाला तर सगळं फसतं, म्हणून ते आधी तपासलं. ८,००० ला साडेदहा आले, सिलेंडर १,८०० चा. प्रत्यक्षात ११ लागले, अर्ध्या सिलेंडरसाठी म्हणजे ९०० रुपयांसाठी मी कुणाला विचारलं नाही, महिनाअखेरीला जोडलेल्या सिलेंडरमध्ये किती उरलं हे तसंही कोण मोजतं.

आता ८,००० च्या बजेटमध्ये किराणा-भाजी १,६८,००० यायला हवी होती. म्हणजे ३० हजार वाचले नाहीत, उलट १२,००० जास्त गेले. आणि दुसरी गोष्ट, सगळं अगदी बजेटप्रमाणे झालं असतं तरी ८,००० ताटांवर ६,९०० चा तोटा होताच. हे महाराजांचं पाप नाही, मुलं आली नाहीत आणि पगार तेवढेच राहिले, त्याचं आहे.

राहिले १२,०००. महाराजांना विचारलं तर ते चिडले, "मॅडम, मी कूपनं बघून नाही शिजवत, आदल्या संध्याकाळी पीठ भिजवतो." खरंच की! मी कूपनांवरून ताटं मोजत होते आणि सामान जातं ते शिजवलेल्या ताटांवर. त्यांच्या वहीत महिन्याची ८,५०० ताटं शिजलेली निघाली. ५०० ताटं वाया, २१ ने १०,५००. उरलेले १,५०० टोमॅटोचे, किलोला १५ रुपये वाढले होते आणि १०० किलो लागले. टोमॅटोचं कुणाच्या हातात नाही, पण ५०० ताटांचं आहे, आणि त्यातली बरीचशी सोमवारची होती जी अर्धी शाळा आहे हे जूनपासून माहीत होतं.

पुढच्या मीटिंगला तीन रकाने नेले, मूळ बजेट, ८,००० चं बजेट, प्रत्यक्ष. काकांनी मधला रकाना दोनदा बघितला आणि विचारलं, हा कुणी मंजूर केला? त्यांना समजवायला अर्धा तास गेला. आता वर्गशिक्षक आदल्या दिवशी दुपारी ३ पर्यंत आकडा देतात, निदान द्यायचं ठरलंय, पाचवी ब चा आकडा अजून मलाच जाऊन आणावा लागतो.