अब्बांची वसीयत आणि एक तृतीयांशाची मर्यादा

आमच्या अब्बांनी निपाणीतले राहते घर माझ्या आतेभावाच्या नावे वसीयत करून ठेवले होते. आतेभाऊ लहानपणीच पोरका झाला आणि आमच्याच घरात आमच्याबरोबर वाढला. मुलगे हयात असताना बहिणीचा मुलगा आमच्या हनफी या सुन्नी पंथाच्या कायद्यानुसार वारस ठरत नाही, म्हणून आपल्या पश्चात त्याच्या डोक्यावर छप्पर असावे ही त्यांची इच्छा होती आणि ती आम्हा सर्वांना मान्य होती. वसीयतनाम्यावर साक्षीदारांखेरीज अम्मीची, आम्हा दोघा भावांची आणि बहिणीचीही संमतीदर्शक सही होती. त्यामुळे अब्बांच्या निधनानंतर काम केवळ नोंदीचे उरले आहे, असे घरात सर्वजण धरून चालले होते.

वसीयतीने मालमत्तेचा एक तृतीयांशच देता येतो आणि त्यापलीकडच्या भागाला वारसांची संमती लागते, म्हणून चिक्कोडीच्या वकीलसाहेबांनी कागद पाहिल्यावर प्रथम सह्यांची तारीख विचारली. त्या सह्या अब्बांच्या हयातीतल्या होत्या. हनफी कायद्यात वारसांची संमती मृत्यूनंतर दिलेली असावी लागते, हयातीत दिलेली संमती बंधनकारक नसते, असे त्यांनी सांगितले. त्याचे कारण त्यांनी सविस्तर समजावले, आणि मला ते पटले. माणूस जिवंत आहे तोवर त्याच्या मुलाबाळांना त्याच्या मालमत्तेत कोणताही हक्क नसतो, असते ती केवळ आशा. आणि जो हक्क अजून जन्मालाच आलेला नाही तो सोडून देता येत नाही. शिवाय बापासमोर बसून त्याच्याच कागदावर सही करायला नकार देणे किती मुलांना जमेल, हाही विचार त्यामागे आहे. मृत्यूनंतर मात्र वारसाचा हिस्सा त्याचा स्वतःचा झालेला असतो, आणि तो त्यातून मोकळेपणाने काही देऊ शकतो.

मग मुळात मर्यादा एक तृतीयांशाचीच का, हे मी आमच्या मौलानासाहेबांना विचारले. त्यांनी पैगंबरांचे साथी हजरत साद इब्न अबी वक्कास यांची हदीस सांगितली. साद मक्केत गंभीर आजारी होते, त्यांना वारस म्हणून एकच मुलगी होती, आणि आपली दोन तृतीयांश मालमत्ता दान करण्याची परवानगी त्यांनी पैगंबरांकडे मागितली. पैगंबरांनी नाही म्हटले. निम्मी, असे विचारल्यावरही नाही म्हटले. एक तृतीयांश, आणि तेही पुष्कळ झाले, असे सांगून वारसांना लोकांपुढे हात पसरायला लावण्यापेक्षा त्यांना सुस्थितीत ठेवून जाणे चांगले, असे त्यांनी समजावले. कुरआनच्या सूरह निसामध्ये पत्नी, मुलगे, मुली, आईवडील यांचे हिस्से ठरवून दिलेले आहेत, आणि ते वसीयत व कर्ज भागवल्यानंतर द्यायचे आहेत. वसीयतीला मर्यादाच नसती, तर हे ठरलेले हिस्से एका कागदाने शून्यावर आणता आले असते. म्हणून दोन तृतीयांश वारसांसाठी राखलेले असतात, आणि उरलेला एक तृतीयांश ज्यांना वारसाहक्काची वाट बंद आहे अशांसाठी, म्हणजे पोरक्या भाच्यासाठी, अगोदर वारलेल्या मुलाच्या लेकरांसाठी किंवा दानधर्मासाठी, माणसाच्या मर्जीवर सोडलेला असतो. 1876 मध्ये प्रिव्ही कौन्सिल या ब्रिटिशकाळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयानेही वारसांमधील कायदेशीर वाटणीत मृत्युपत्राने ढवळाढवळ करू न देणे हेच मुस्लिम कायद्याचे धोरण असल्याचे म्हटले होते.

वसीयत लिहिली तेव्हा अब्बांकडे एक प्लॉटही होता, आणि त्यामुळे घर एकंदर मालमत्तेच्या एक तृतीयांशात बसत होते. तो प्लॉट पुढे आजारपणात विकावा लागला. परंतु हिशेब वसीयत लिहिण्याच्या दिवसाचा नव्हे, मृत्यूच्या दिवसाचा होतो. मृत्यूच्या वेळी घराची किंमत 15 लाख, बाजारातल्या गाळ्याची 9 लाख आणि बँकेतली ठेव 6 लाख, अशी एकूण 30 लाखांची मालमत्ता होती. त्यातून प्रथम कफनदफनाचा खर्च, हातउसने कर्ज आणि निकाहात ठरलेला पण न दिलेला अम्मीचा मेहर मिळून 3 लाख वजा झाले. मेहर हे पतीवरचे कर्जच असते, हे अनेक घरांत विसरले जाते आणि त्यामुळे एक तृतीयांशाचा आकडा फुगतो. उरलेल्या 27 लाखांचा एक तृतीयांश म्हणजे 9 लाख. घर 15 लाखांचे, म्हणजे 6 लाख मर्यादेबाहेर गेले.

या 6 लाखांसाठी आता नव्याने संमती हवी होती. अम्मी, धाकटा भाऊ आणि मी लगेच तयार झालो. बहिणीने विचार करून नकार दिला. तिच्या यजमानांचे काम सुटलेले होते आणि मुलांची शिक्षणे अर्धवट होती. काही नातेवाइकांनी तिला बोल लावला; तो अन्याय होता असे मी ठामपणे मानतो, कारण वारसांना हलाखीत ठेवू नये हा ज्या नियमाचा उद्देश, त्याच नियमाने दिलेला हक्क ती मागत होती.

एका वारसाने नकार दिल्याने संपूर्ण वसीयत पडत नाही, आणि इतरांच्या संमतीने नकार देणाऱ्याचा हिस्साही जात नाही. संमती ज्याची त्याच्या हिश्शापुरतीच चालते. आमच्या वारसांत अम्मीचा हिस्सा एक अष्टमांश, आणि उरलेल्या सात अष्टमांशात मुलाला मुलीच्या दुप्पट, म्हणून प्रत्येक भावाला चाळीसातले चौदा आणि बहिणीला चाळीसातले सात भाग येतात. मर्यादेबाहेरच्या 6 लाखांतला बहिणीचा वाटा 1 लाख 5 हजार निघाला, आणि आतेभावाला तेवढाच भाग सोडावा लागणार होता. सगळ्यांनी संमती दिली असती तर तिला 2 लाख 10 हजार मिळाले असते, नकारामुळे तिचे 3 लाख 15 हजार कायम राहिले. घराची भिंत तोडून एवढा वाटा काढणे शक्य नव्हते. आतेभावाने ती रक्कम तिला रोख दिली आणि तिने घरावरचा हक्क सोडला.

आमची संमती तोंडीही चालली असती, पण वकीलसाहेबांनी ती लिहून घेतली. नुसते गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, आणि पुढे कोणी शब्द फिरवला तर सिद्ध करणे कठीण जाते, असे त्यांचे म्हणणे होते. एकदा रीतसर दिलेली संमती मात्र मागे घेता येत नाही. सब-रजिस्ट्रार कचेरीत नोंदवलेला दस्त कन्नडमध्ये होता, म्हणून सही करण्यापूर्वी त्यांनी त्यातले प्रत्येक कलम अम्मीला मराठीत वाचून दाखवले. अब्बांचा मृत्यू झाल्यानंतर आणि मर्यादेबाहेरच्या भागाची कल्पना असताना आम्ही संमती देत आहोत, ही दोन्ही वाक्ये त्यात आवर्जून घातली होती. त्या दस्तावरच पुढे नगरसभेत घराचा खातेबदल झाला.

हे सारे ऐकल्यावर अम्मीने आपले दागिने वसीयतीने बहिणीला देता येतील का, असे विचारले. दागिने एक तृतीयांशात सहज बसत होते, तरीही उत्तर नकारार्थी आले. बहीण स्वतः वारस आहे, आणि हनफी कायद्यात एका वारसाच्या नावे केलेली वसीयत, मग ती कितीही लहान असो, बाकीच्या वारसांनी मृत्यूनंतर संमती दिल्याशिवाय लागू होत नाही. शिया कायद्यात एक तृतीयांशापर्यंत वारसालाही देता येते, आमच्यात नाही. त्याऐवजी हयातीतच हिबा करावा, म्हणजे देत असल्याचे सांगावे, बहिणीने स्वीकारावे आणि दागिन्यांचा ताबा त्याच वेळी तिच्याकडे जावा, असा सल्ला वकीलसाहेबांनी दिला. हिब्याला एक तृतीयांशाची मर्यादा नाही, पण तो धडधाकट असतानाच करायला हवा. मृत्यूच्या आजारपणात केलेल्या हिब्याला वसीयतीचेच नियम लागतात, आणि मग पुन्हा बाकीच्या वारसांची संमती घ्यावी लागते.