आमची वाटचाल : एकच तक्ता दोनदा

कराडच्या पेठेत एका झेरॉक्सच्या दुकानावर आमची दहा बाय बाराची खोली आहे. चार कॉम्प्युटर, पाच बायका आणि एक इन्व्हर्टर, एवढाच पसारा. सुरुवातीची वर्षं अर्ज, प्रतिज्ञापत्रं, प्रबंध, लग्नपत्रिकांचा मजकूर यांवर निघाली. मग आकड्यांचे तक्ते यायला लागले आणि कळलं की मजकुराचं टायपिंग आणि तक्त्याचं टायपिंग हे दोन वेगळे धंदे आहेत. ‘पावसळा’ असं पडलं तर वाचणाऱ्याला तिथल्या तिथे खटकतं. १७२ च्या जागी १२७ पडलं तर खटकायला काहीच नसतं. दोन्ही आकडे तितकेच शहाणे दिसतात.

यावरचा उपाय मला लग्नाआधीच माहीत होता. पुण्यात ज्या काकांकडे मी टायपिंग करायचे, त्यांनी तरुणपणी मुंबईत पंचकार्डाच्या, म्हणजे भोकं पाडून आकडे नोंदवायच्या कार्डांच्या खात्यात नोकरी केली होती. ते सांगायचे, एक जण कार्ड पंच करायचा, मग तेच कार्ड दुसऱ्याकडे व्हेरिफायर यंत्रावर जायचं. दुसरा तोच कागद बघून तीच बटणं पुन्हा दाबायचा. सगळं जुळलं की कार्डाच्या उजव्या कडेला खाच पडायची, न जुळलं तर त्या रकान्याच्या डोक्यावर. “टाईप केलेलं वाचून तपासू नये,” ते म्हणायचे, “डोळा समोर आहे त्याला हो म्हणतो. पुन्हा टाईप करावं.” खोली घेतली तेव्हा मी हेच घेऊन बसले. पद्धत बरोबर होती, पण ती काय पकडते आणि काय सोडते हे कळायला आम्हाला एक अख्खं काम परत घ्यावं लागलं.

ते काम पावसाच्या नोंदवह्यांचं. एक संशोधक मॅडम घाटाकडच्या एका पर्जन्यमापक ठाण्याच्या जुन्या वह्यांचे फोटो घेऊन आल्या. मेट्रिक मापं येण्याआधीच्या वह्या, म्हणून पाऊस इंच आणि सेंटमध्ये; सेंट म्हणजे इंचाचा शंभरावा भाग. एका पानावर एक वर्ष. आडवे बारा महिने, उभ्या १ ते ३१ तारखा, खाली महिन्याची बेरीज. म्हणजे ३७२ घरं. त्यातली सात घरं कायम रिकामी राहायला हवीत, फेब्रुवारीची तीन आणि तीस दिवसांच्या महिन्यांची एकेक. लीप वर्ष असलं तर सहा. हे आधी मोजून ठेवल्याचा पुढे फार उपयोग झाला. ३१ जूनला पाऊस पडलेला दिसला, की रकाना एका ओळीने खाली सरकलाय हे फॉर्म्युला न लावताच कळतं.

एका बाईने A नावाच्या शीटमध्ये टाईप करायचं, दुसरीने B मध्ये, आणि तिसऱ्या शीटमध्ये त्याच घरात तुलना. दोन्ही शीट जुळत नसतील तिथे X. X कसे पडलेत ते बघूनच निम्मं निदान होतं. एकटा X म्हणजे एखादा अंक चुकला. एका तारखेपासून खालपर्यंत सलग X म्हणजे कुणाची तरी ओळ सुटली किंवा दुहेरी पडली; तिथे फक्त पहिला X बघायचा, बाकीचे आपोआप जातात. शेजारच्या दोन रकान्यांत सगळीकडेच X असतील तर महिनेच अदलाबदल झालेत.

X मिटवायचं काम तिसरीचं. तिने फोटो उघडायचा, घर वाचायचं, आणि मगच A आणि B कडे बघायचं. आधी बघितलं की आपण त्या दोघींत निवाडा करायला लागतो आणि कागद बाजूला राहतो. कधी कधी दोघीही चुकलेल्या असतात.

पहिली चाळीस पानं दिली आणि आठवड्याने मॅडमचा फोन. जानेवारी, फेब्रुवारीत आम्ही काही ठिकाणी शून्य दिलं होतं आणि काही ठिकाणी घर कोरं, आणि मूळ पानाशी ते जुळत नव्हतं. मी म्हटलं, पाऊस नाही तो नाहीच, फरक काय पडतो? मॅडमनी शांतपणे समजावलं. शून्य म्हणजे माणूस गेला, मापक बघितला आणि पाऊस नव्हता. कोरं म्हणजे त्या दिवशी मोजलंच नाही. सरासरी काढताना पहिला दिवस धरायचा असतो, दुसरा सोडायचा असतो.

ते पटलं. पण एकीने शून्य आणि दुसरीने कोरं ठेवलं असताना X का पडला नाही, हे पटेना. दोन दिवस डोकं खाजवलं. आम्ही तुलनेला साधं बरोबरचं चिन्ह वापरत होतो, आणि एक्सेलच्या लेखी कोरं घर आणि शून्य बरोबर असतात. तेव्हापासून हे वापरतो:

```
=IF(EXACT(A!C5,B!C5),"","X")
```

`EXACT` दोन्ही घरं मजकूर म्हणून ताडतं, त्यामुळे कोरं आणि शून्य वेगळे निघतात. पण नुसता फॉर्म्युला बदलून भागलं नसतं. आमच्या शीटमधलं कोरं घर म्हणजे वहीतलं कोरं, की टाईप करणारीच्या हातून सुटलेलं, हे कसं कळणार? म्हणून मूळ घर कोरं असेल तर आता आम्ही `NA` टाईप करतो. रेघ असेल तर रेघ. न येणाऱ्या तारखा सोडून आमच्या शीटमध्ये कुठलंही घर कोरं दिसलं, तर ते सुटलेलं आहे, दुसरा अर्थच नाही.

दुसरी चूक याहून मोठी होती, आणि ती मला चांगली बातमी वाटली होती.

आमच्या बायकांचा हात साधारण दोनशे घरांमागे एकदा चुकतो. म्हणजे एका पानावर प्रत्येकीच्या दोनेक चुका, आणि तुलनेत तीन-चार X. दोघींच्या चुका एकमेकींशी संबंध न ठेवता होत असतील, तर दोघी एकाच घरात चुकण्याची पाळी चाळीस हजार घरांत एकदा, शंभराहून जास्त पानांत एकदा. त्यातही दोघींनी नेमका तोच चुकीचा अंक टाकायला हवा. हा हिशोब मी गिऱ्हाइकाला फुशारकीने सांगायचे.

मग एका जोडीच्या पानांवर X कमी व्हायला लागले. एक, शून्य, शून्य. सलग सहा पानं स्वच्छ. मी दोघींना भेळ आणली. त्याच आठवड्यात मॅडमनी विचारलं, “ताई, खालच्या बेरजा का टाईप केल्या नाहीत?” आधी त्यांनीच नको म्हटलं होतं, पण केल्या. आणि त्या स्वच्छ पानांच्याच बेरजा जुळेनात.

कारण खोलीतच होतं. दोघी शेजारी बसत. शाई फिकी झालेला आकडा आला की एक विचारायची, “काकू, हा एक का सात?” काकू वाकून बघायच्या, “एकच वाटतोय.” दोघी एक टाकायच्या. X कसा पडेल? दोनदा टाईप झालं होतं, पण वाचलं एकदाच गेलं होतं.

त्यानंतर मी चुकांचे दोन भाग करून बघायला लागले, बोटाच्या आणि डोळ्याच्या. बोटाची चूक म्हणजे न्यूमपॅडवर ४ च्या ऐवजी वरचा ७ दाबला जाणं, ७२ चं २७ होणं. दोन बायकांची बोटं एकाच जागी घसरत नाहीत, म्हणून तुलना या चुका जवळजवळ सगळ्या पकडते. डोळ्याची चूक कागदात असते. शाई दोघींसाठी सारखीच फिकी. कारकुनाने सातची आडवी दांडी अर्धवट ओढली असेल, तर एकमेकींशी न बोलताही दोघी त्याला एक वाचू शकतात. माझा चाळीस हजाराचा हिशोब फक्त बोटापुरता खरा होता.

जागा बदलल्या. A ची बाई खिडकीशी, B ची दाराशी, आणि एका पानाच्या बाबतीत बोलायचं नाही. शंका आली तर वाचता येईल ते टाईप करून घर पिवळं करायचं. पिवळं घर जुळलं तरी तिसरी ते बघतेच. पण कागदातल्या चुकीवर खरा पहारा खालच्या बेरजेचाच.

एका जुलैचं सांगते. वहीतली बेरीज २३.८६ इंच. A ची बेरीज आली २३.३५, B ची २३.८०. X एकच, ११ तारखेला: A मध्ये १.२७, B मध्ये १.७२. दोन्हींतला फरक ४५ सेंट, आणि ४५ ला नऊने भाग जातो. शेजारच्या अंकांची उलटापालट झाली की फरकाला नेहमी नऊने भाग जातो, हे जुने दिवाणजीही जाणून असत. फोटोत १.७२ स्वच्छ होतं. A सुधारली, दोन्ही शीट २३.८० वर आल्या, X संपले. पूर्वी आम्ही इथेच पान बंद केलं असतं. पण सहा सेंट कमी होते, आणि एक आणि सात यांत फरक सहाचाच. म्हणून एकने संपणारी घरं शोधली. चार निघाली. तीन ठिकाणी एकला या कारकुनाच्या सवयीची बारीक तिरकी शेपटी होती. १९ तारखेच्या ०.४१ मधल्या एकला शेपटी नव्हती, आणि फोटो मोठा करून उजेड वाढवला तर डोक्यावर दांडीचा पुसट डाग. ०.४७.

इथे मोह फार होतो. बेरीज बसतेय ना, टाका सात! ते मी करू देत नाही. बेरीज कुठे बघायचं ते सांगते, काय लिहायचं ते शाईच सांगणार. कारण चुका कारकुनाच्याही असतात. एका ऑगस्टमध्ये दोन्ही शीट जुळत होत्या, एकही घर पिवळं नाही, फोटो लख्ख, आणि वहीतली बेरीज नेमकी एका इंचाने कमी. तिसरीने सगळा महिना वाचला, मग मी वाचला. बिचारा हातचा विसरला होता. आम्ही घरं तशीच ठेवली, त्याची चुकीची बेरीजही त्याने लिहिली तशीच टाईप केली आणि शेजारच्या रकान्यात शेरा दिला. ज्या महिन्याखाली बेरीजच लिहिलेली नाही, तिथे हा पहारा नाही. अशा महिन्यांची यादी आम्ही कामासोबत वेगळी देतो.

दराची घासाघीस अजून चालते. “दोनदा टाईप केलं म्हणून दुप्पट कसले घेता?” असं विचारणाऱ्याला मी सांगते की दुप्पट नाहीच, तिसरीचा वेळ धरून अडीचपट होतं. निम्मे तिथूनच जिना उतरतात. मॅडमच्या त्या चाळीस पानांचे पैसे मी दुसऱ्यांदा लावले नाहीत. त्या परत आल्या, या वेळी शेजारच्या ठाण्याच्या वह्या घेऊन. पहिलंच पान उघडून काकू म्हणाल्या, “ताई, हा कारकून सातला दांडी नीट देतो.” मी दाराकडे बोट दाखवलं. त्या हसल्या आणि आपल्या जागेवर जाऊन बसल्या.