झाखबेआर्बायटर म्हणजे कारकून नव्हे

तुम्ही विचारलंत म्हणून: “दहा-दहा वर्षं परदेशात राहून परत आलेल्या माणसाचा बायोडेटा समोर येतो. तिथल्या कंपनीचं नाव कधी ऐकलेलं नसतं, पदाचं नाव कळत नाही. अशा वेळी तो आपल्या जागेसाठी योग्य आहे की नाही, हे तुम्ही कशावरून ठरवता?”

चाकण परिसरात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी बरीच वर्षे नोकरभरतीचे काम पाहत आहे. आमच्याकडे परत येणाऱ्यांत जर्मनीहून येणारे सर्वाधिक असतात, म्हणून मी उत्तर तेवढ्यापुरतेच देतो. आखाती देशांतून किंवा अमेरिकेतून येणाऱ्यांचे बायोडेटा वेगळ्या रीतीने वाचावे लागतात.

सुरुवात एका चुकीपासून करतो, कारण त्या चुकीनंतरच माझी पद्धत बदलली. एका उमेदवाराच्या बायोडेटावर शेवटच्या पाच वर्षांसमोर ‘झाखबेआर्बायटर, खरेदी’ असे पद होते. मी शब्दकोशात पाहिले, तिथे ‘कारकून’ या अर्थाच्या जवळचे काहीतरी मिळाले आणि मी तो बायोडेटा बाजूला ठेवला. या शब्दाचा खरा अर्थ ‘एखादा विषय स्वतः हाताळणारा माणूस’ असा आहे, आणि जर्मन कंपन्यांत हे पद असलेला माणूस मोठ्या रकमेची खरेदी एकट्याने सांभाळत असू शकतो, हे मला पुढे एका जर्मन पाहुण्याशी बोलताना समजले. तोपर्यंत ती जागा भरली होती. तेव्हापासून मी पदाचे भाषांतर करणे सोडले. आता मी एवढेच शोधतो की, हा माणूस ‘नाही’ म्हणाला असता तर तिथे काय थांबले असते, आणि त्याचा नकार कोणाला मोडता आला असता.

हे प्रत्यक्षात कसे करतो, ते एका उदाहरणावरून सांगतो. आमच्याकडे पुरवठादार गुणवत्ता विभागात उपमहाव्यवस्थापकाची जागा रिकामी होती. हाताखाली चौदा माणसे, साठच्या आसपास पुरवठादार आणि त्यांतले बरेचसे कास्टिंगचे, म्हणजे धातू ओतून भाग बनवणारे, असे ते काम होते. जर्मनीत दहा वर्षे राहिलेल्या एका बाईंचा अर्ज आला. त्यापूर्वी त्यांनी पुण्यात तीन वर्षे नोकरी केली होती. २०१४ मध्ये त्या पदव्युत्तर शिक्षणासाठी तिकडे गेल्या आणि २०१७ पासून नोकरीत होत्या. पहिल्या तीन वर्षांत दीड-दीड वर्षाच्या दोन नोंदी होत्या, दोन्ही मोठ्या वाहन उद्योगांत, पण पगार देणारी कंपनी तिसरीच, कधी न ऐकलेली. त्यानंतरची चार वर्षे साडेचारशे माणसांच्या एका कौटुंबिक कंपनीत गेली होती, आणि पद होते ‘गुणवत्ता पूर्वनियोजक’.

आमच्या विभागप्रमुखांनी तो कागद पाहिला आणि दोन आक्षेप घेतले: मोठ्या उद्योगांत बाई दीड वर्षाच्या वर टिकल्या नाहीत, आणि त्यांच्या हाताखाली कधी कोणी नव्हते.

पहिला आक्षेप जर्मन कायद्याच्या एका तरतुदीपाशी संपला. तिथे अभियांत्रिकी सेवा देणाऱ्या कंपन्या आपली माणसे मोठ्या उद्योगांना कामासाठी देतात. अशा रीतीने दिलेला माणूस एकाच ग्राहकाकडे सलग १८ महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, असा नियम एप्रिल २०१७ पासून लागू आहे. सामूहिक करारात वेगळे ठरले असेल तर ही मुदत बदलते. त्यामुळे बायोडेटावर बरोबर दीड वर्षाच्या नोंदी एकापुढे एक दिसल्या, की मी सर्वांत आधी पगारपत्रक कोणाचे होते ते विचारतो. या बाईंचे दोन्ही वेळचे पगारपत्रक एकाच कंपनीचे होते. म्हणजे कागदावर ज्या दोन नोकऱ्या दिसत होत्या, ती एकच तीन वर्षांची नोकरी होती. उलट बाजूही मी तितक्याच काळजीने पाहतो. मोठ्या उद्योगाचे नाव बायोडेटावर ठळक अक्षरांत असले, तरी त्या उद्योगाने त्या माणसाला नोकरीवर घेतले होते असे नव्हे.

साडेचारशे माणसांची ती कौटुंबिक कंपनी कोणालाच माहीत नव्हती, पण तिचा माग काढणे कठीण नव्हते. जर्मनीत कंपन्यांची सरकारी नोंदवही आहे आणि २०२२ पासून तिच्यातील नोंदी संकेतस्थळावर विनाशुल्क पाहता येतात. कंपनी खरी आहे ना, केव्हापासूनची आहे, तिच्या वतीने सही करण्याचा अधिकार कोणाकोणाला आहे, एवढे तिथे समजते. माझ्या कामाला याहून उपयोगी पडतो तो वेगळा प्रश्न: ही कंपनी पुरवठ्याच्या साखळीत कुठे बसते? ती थेट वाहन उद्योगाला माल देत असेल, तर तिथल्या गुणवत्तेच्या माणसाला ग्राहकाच्या तपासणीला स्वतः तोंड द्यावे लागते. ती आणखी एक पायरी खाली असेल, तर ते तोंड देणारा कोणी दुसराच असतो. ही कंपनी थेट माल देणारी निघाली.

दुसरा आक्षेप मात्र असा एका वाक्यात सुटण्यासारखा नव्हता. आपल्याकडे अनुभव मोजताना आपण हाताखालची माणसे मोजतो, कारण आपली पदांची शिडीच तशी आहे: वरिष्ठ अभियंता, सहायक व्यवस्थापक, उपव्यवस्थापक, व्यवस्थापक आणि त्याच्या वर उपमहाव्यवस्थापक. जर्मन कंपन्यांत नेतृत्वाचे दोन प्रकार बोलण्यात स्पष्ट वेगळे केले जातात. ‘डिस्त्सिप्लिनारिश’ नेतृत्व म्हणजे माणसांची रजा, पगारवाढ आणि मूल्यमापन ज्याच्याकडे आहे त्याचे. ‘फाखलिश’ नेतृत्व म्हणजे कामापुरते. अशा माणसाच्या शब्दावर इतर विभागांतील आठ-दहा माणसे काम करतात, पण त्यांतल्या एकाचेही मूल्यमापन त्याच्याकडे नसते. त्याला ‘तुमच्या हाताखाली किती माणसे होती?’ असे विचारले, तर प्रामाणिक माणूस ‘एकही नाही’ असे उत्तर देतो आणि आपण त्याला कनिष्ठ समजून बसतो. थोडा चतुर माणूस ‘दहा’ म्हणतो, आणि आपण त्याला आहे त्याहून मोठा समजतो.

म्हणून मुलाखतीत मी बाईंना हा प्रश्न विचारला नाही. एखाद्या भागाचे उत्पादन सुरू करायला त्यांनी परवानगी नाकारली, असा एक प्रसंग तपशीलवार सांगा, असे म्हटले. त्यांनी एका कास्टिंगविषयी सांगितले. पुरवठादाराच्या नमुन्यांची मापे बरोबर होती, पण क्ष-किरण तपासणीत आतील पोकळ्या मर्यादेबाहेर दिसत होत्या, आणि त्यांनी मंजुरीच्या कागदावर सही केली नाही. पुढे काय झाले, असे मी विचारले. उत्पादन तीन आठवडे पुढे गेले, आणि ग्राहकाला तसे कळवण्याच्या बैठकीत त्या स्वतः बसल्या होत्या. तुमचा निर्णय कोण बदलू शकले असते, असेही विचारले. कारखानाप्रमुख बदलू शकले असते, पण लेखी विशेष परवानगी देऊन, म्हणजे आपण ज्याला ‘डेव्हिएशन’ म्हणतो तो कागद काढून, आणि त्यावर ग्राहकाचीही सही घेऊन, असे त्यांनी सांगितले. त्या उत्तरानंतर पदाच्या नावाचे काम उरले नाही. आमच्याकडे हा अधिकार व्यवस्थापकाच्या खाली कोणालाही नाही.

त्यांनी सांगितलेले खरे कशावरून? इथे जर्मनीहून आलेल्यांच्या बाबतीत एक चांगली सोय आहे. तिथे नोकरी सोडताना सविस्तर लेखी प्रशस्तिपत्र मागण्याचा कायदेशीर हक्क आहे. त्याला ‘आर्बाइट्स-त्सोयग्निस’ म्हणतात. ते सत्य असावे आणि माणसाच्या पुढील वाटचालीत विनाकारण अडथळा आणणारे नसावे, अशी अपेक्षा असल्याने त्याची भाषा नेहमी गोडच असते आणि दर्जा ठरावीक शब्दांत दडलेला असतो. ‘नेहमीच आमच्या पूर्णतम समाधानाप्रमाणे’ हा सर्वांत वरचा शेरा. ‘नेहमीच आमच्या पूर्ण समाधानाप्रमाणे’ म्हणजे चांगला. ‘नेहमीच’ गळले की साधारण, आणि नुसते ‘आमच्या समाधानाप्रमाणे’ असेल तर जेमतेम. बाईंच्या पत्रात दुसऱ्या पायरीचा शेरा होता. पण मी या शेऱ्याला फार महत्त्व देत नाही, कारण अनेकदा पत्राचा मसुदा उमेदवारालाच लिहायला सांगतात. मी त्या पत्रातील कामांची यादी बायोडेटाशेजारी ठेवून वाचतो, कारण त्या यादीखाली मालकाची सही असते. कास्टिंगच्या नमुन्यांना मंजुरी देणे हे काम त्या यादीत दुसऱ्याच क्रमांकावर होते. बायोडेटात मात्र पुरवठादारांचे ‘धोरण ठरवल्याचा’ उल्लेख होता, तो यादीत नव्हता. मी विचारल्यावर, त्या बैठकांना आपण केवळ उपस्थित असायचो, असे त्यांनी लगेच मान्य केले.

राहिला प्रश्न आमच्या कामाचा. जर्मन वाहन उद्योगाच्या नमुना-मंजुरीच्या पद्धतीत मुरलेल्या माणसाला आपल्याकडे वापरली जाणारी पीपॅप ही नमुना-मंजुरीची पद्धत नवी नसते. कागद वेगळे असले तरी विचार तोच आहे. अडचण येते ती पुरवठादाराच्या दारात. त्यांनी तिकडे ज्यांच्याशी व्यवहार केला, त्या प्रत्येक पुरवठादाराकडे गुणवत्तेचा स्वतंत्र विभाग होता. आमच्या साठांतील कित्येक जण असे आहेत की मालक, त्याचा मुलगा आणि एक गुणवत्ता अभियंता मिळून सगळे पाहतात. चूक सापडल्यावर लेखी कारणमीमांसा मागितली, तर ती कशी लिहायची हेच आधी शिकवावे लागते. हे मुलाखतीच्या खोलीत कळत नाही. म्हणून त्यांच्या संमतीने आम्ही त्यांना एका दिवसासाठी कोल्हापूरच्या शिरोली भागातील एका फाउंड्रीत आमच्या अभियंत्याबरोबर पाठवले.

वाळूच्या चाचणीच्या नोंदवहीत दुपारच्या पाळीचे आकडे सकाळीच भरलेले आहेत, हे त्यांच्या पहिल्या तासातच लक्षात आले. त्यांनी तिथे कोणाला खडसावले नाही. वाळूच्या यंत्रापाशी उभ्या असलेल्या कामगाराला आर्द्रता तो प्रत्यक्षात कशी ओळखतो ते विचारले, आणि तो मुठीत वाळू दाबून पाहतो हे त्याच्याकडून समजून घेतले. परतल्यावर लिहिलेल्या अहवालात मात्र त्यांनी चौदा दिवसांत पूर्ण करायच्या अकरा सुधारणा मांडल्या होत्या. त्या फाउंड्रीला त्यांतल्या तीनसुद्धा झेपल्या नसत्या. नजर पक्की होती, पण इथल्या लहान पुरवठादाराची ताकद किती याचा अंदाज दहा वर्षांत सुटला होता. तो परत यायला माझ्या अनुभवाप्रमाणे सहा महिने ते वर्ष लागते.

विभागप्रमुखांना मी लिहून दिले की तांत्रिक निर्णयाचा अधिकार या बाईंनी खरोखर वापरलेला आहे, चौदा माणसांचे मूल्यमापन त्यांनी कधीही केलेले नाही, आणि लहान पुरवठादारांचा अंदाज त्यांना नव्याने घ्यावा लागेल. आम्ही त्यांना व्यवस्थापक या श्रेणीत फक्त कास्टिंगचे पुरवठादार आणि पाच माणसे दिली. उपमहाव्यवस्थापकाची जागा एक वर्ष रिकामी ठेवून त्यानंतर पुन्हा विचार करायचा, हे नियुक्तिपत्रासोबतच्या टिपणात नोंदवले. पगार त्या श्रेणीप्रमाणे ठरवला. युरोतील पगाराला विनिमय दराने गुणून येणाऱ्या आकड्याचा इथल्या कामाशी संबंध नसतो, आणि ही गोष्ट त्यांना पहिल्याच फोनवर सांगितलेली होती.

रुजू झाल्यावर मी त्यांना बायोडेटा पुन्हा लिहायला सांगितले, आमच्या कागदपत्रांत योग्य नोंद राहावी म्हणून. प्रत्येक कंपनीखाली त्यांनी एक ओळ घातली: ती काय बनवते, कोणाला पुरवते, किती माणसांची आहे. प्रत्येक पदाखाली आणखी एक ओळ घातली: कोणता निर्णय माझ्या सहीने होत असे. ‘धोरण ठरवले’ हे शब्द त्यांनी स्वतःच काढून टाकले.