तुम्ही विचारलंत म्हणून: कागदी पुडी का सोडली?

"ताई, 'या पुडीत प्लास्टिक नाही' असं तुम्हीच छापायचात ना? मग आता हे चकचकीत पाकीट कशाला?"

पैसे वाचवायला नाही, हे आधी सांगते. कागदी पुडी आणि आतला बटरपेपर मला या पाकिटापेक्षा फार महाग पडत नव्हता. २०१८ साली राज्यात प्लास्टिकबंदी आली, तेव्हा आमचा गोडा मसाला मी मोठ्या हौसेनं कागदात भरायला घेतला. 'प्लास्टिक नाही' ही ओळ लेबलावर सगळ्यात ठळक होती. 'मसाला चांगला आहे' असं मात्र कुठंच लिहिलं नव्हतं. ते काय लिहायचं, असं वाटायचं.

चिपळूणच्या पावसात कागद दमट होतो आणि आतला मसालाही. गोड्या मसाल्यात सुकं खोबरं आणि तीळ असतात, त्यामुळे हवा लागली की तो खवट होतो. दमटपणा आला तर वर बुरशीही धरते. गुठळी दिसली म्हणजे मसाला बिघडलाच असं नाही. खोबऱ्याच्या तेलाची गुठळी चिमटीत भुगा होते आणि वास जिथल्या तिथे असतो. पाण्याची गुठळी आतून घट्ट असते, तिला दगडफुलाचा वास येत नाही, कोंदट येतो. हे मला माहीत होतं. तरी पहिले दोन पावसाळे तक्रार आली की मी "तेलाची असेल हो" म्हणायचे. तपासायचे नाही.

मग एका श्रावणात ठाण्याच्या एका काकूंचा फोन आला. त्या पहिल्या वर्षापासूनच्या गिऱ्हाईक. सुनेची मंगळागौर होती आणि पंचवीस जणींचा स्वयंपाक. आमटीला उकळी फुटल्यावर त्यांनी नवी पुडी फोडून मसाला घातला. पातेल्यातून कोंदट वास आला म्हणून पुडी उजेडात धरली, तर घडीच्या कोपऱ्यात करडी-हिरवी लव. सगळी आमटी मोरीत गेली. बायका हात धुऊन बसलेल्या आणि घरात दुसरं वरण शिजायला लावलेलं. मी पैसे परत देते म्हणाले. त्या म्हणाल्या, "पैशांचं राहू दे गं. दुसऱ्या कुणाची पुडी असती तर आधी वास घेतला असता. तुझी म्हणून घेतला नाही."

त्या दिवशी मी घरातल्या सगळ्या पुड्या फोडल्या. एकशे चाळीस होत्या. त्यातल्या एकतीस पुड्यांत ओलसर गुठळी सापडली, बाकीच्या ठीक होत्या. पण बंद पुडीकडे बघून कुठली कुठली, हे मलाही सांगता आलं नसतं. म्हणून सगळाच मसाला खड्ड्यात पुरला.

मधला मार्ग शोधला नाही असं समजू नका. गुठळ्या होऊ नयेत म्हणून सिलिका घालता येते, पण तिनं मसाला मोकळा राहतो, खवटपणा थांबत नाही. शिवाय 'वरून काही घालत नाही' हा शब्दही मोडला असता. काचेची बरणी करून पाहिली. पाव किलो मसाल्याला जवळजवळ तेवढ्याच वजनाची काच, कुरिअरचा खर्च वाढला आणि पहिल्याच खेपेत तीन बरण्या फुटल्या. महिन्याचा किराणा मोजून भरणाऱ्या घराला ती किंमत मी सांगू शकले नाही.

आताच्या पाकिटाला बाहेरून पॉलिस्टर, मध्ये ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि आत पॉलिथीन असतं. दमटपणा आत जात नाही. पण हे थर एकमेकांपासून सुटत नाहीत, म्हणून भंगारवाला ते घेत नाही. फार तर सिमेंटच्या भट्टीत जळतं, आणि जळण्याला मी पुनर्वापर म्हणणार नाही. म्हणून लेबलावरची ती ओळ काढली.

अमेरिकेत २०१० साली सनचिप्सनं कुजणारं पाकीट आणलं होतं. ते फार कडकड वाजतं म्हणून लोकांनी तक्रारी केल्या आणि कंपनीनं त्याच वर्षी बहुतेक चवींना जुनं पाकीट परत दिलं. मला हे कळलं तेव्हा राग आला होता. आवाजासाठी? निदान माझं कारण पोटात जाणाऱ्या गोष्टीचं आहे.

पण २०१८ ची मी इतक्यावर गप्प बसत नाही. ती विचारते, मग पावसाळ्यात पाठवूच नकोस. चिपळूणपुरतं विक. तिचं खरं आहे. मी पाठवते, कारण माझ्याकडे चौघीजणी भाजायला-निवडायला येतात आणि त्यांची चार महिन्यांची मजुरी कुरिअरवर चालते. ती म्हणते, मग तसं लिही, चवीच्या आड लपू नकोस. म्हणून इथे लिहिलं.

गावात आता लोक स्वतःचे डबे आणतात, मी वजन करून भरून देते. तीसेक घरं आहेत. ठाण्याच्या काकूंना मात्र पाकीटच जातं. त्या अजून मागवतात, आणि आता फोडल्यावर आधी वास घेतात.